रस्त्याकडचा गहू

माझ्या सासऱ्यांना बुटक्या गव्हाची लाज वाटायची, आणि मला त्यांच्या त्या लाजेचा राग यायचा. शिंदखेड्याला येणाऱ्या-जाणाऱ्याने आपला मांडीएवढा गहू पाहू नये म्हणून आबांनी रस्त्याकडेने दहा-बारा ओळींची पट्टी बन्सी ह्या जुन्या गव्हाची पेरली. बन्सी छातीएवढा वाढतो. आतले सगळे वावर मात्र माझे, बुटक्या लोकवनचे.

माझे माहेर सावद्याचे, केळीवाले. तिथे खताला कोणी हात आखडत नाही. नवरा वरणगावच्या कारखान्यात नोकरीला, म्हणून शेत मी करीन म्हटले. आबा म्हणाले, "एक साल देख. गहू आडा पडना, ते वावर छगनले बटाईवर देसू." छगन आमचा शेजारी; बटाईवर म्हणजे अर्ध्या वाट्याने कसायला.

त्यांचे भय खोटे नव्हते. तरुणपणी त्यांनी गव्हाला युरिया टाकून पाहिला होता आणि सगळे पीक भुईवर झोपले होते. मी कृषी सहायकाला विचारले. तो म्हणाला, "तो उंच गहू होता, ताई. खत खाऊन अजून उंच होतो, काडी लेची पडते, ओंबीचे वजन पेलत नाही. ह्याच्या वाणातच बुटकेपणा आहे. खत उंचीत उधळत नाही, फुटवे आणि ओंब्या धरतो."

मी पेरताना खत दिले, पहिल्या पाण्याला युरिया दिला. मजुरांना सांगितले, सगळीकडे सारखा फेका. आबांची पट्टी वेगळी धरायचे डोक्यातही आले नाही. केळीच्या बागेत कोणी झाडाची जात विचारून खत घालते का?

ओंब्या भरत आल्या. मी पाणी दिले आणि त्याच रात्री वारा सुटला. ओल्या जमिनीत मुळे सैल पडतात, हे मलाही कळत होते. डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी छगन दारात आला. चेहरा दुःखी, आवाज खुशीत. "आबा, तुमना बठ्ठा गहू आडा पडना."

आबा काठी घेऊन निघाले. मी मागे. रस्त्यावरून पाहिले तर खरेच सगळे भुईसपाट, मेंढ्या लोळून गेल्यासारखे.

आबा पडलेल्या काड्या तुडवत आत शिरले आणि थांबले. मी पोचले. पट्टी संपत होती, तिथून पुढे लोकवन उभा होता. खत तेच, पाणी तेच, वारा तोच. दाट, ओंब्यांनी गच्च, थोडा डुलत होता, एवढेच. छगनने रस्त्यावरूनच पाहिले होते, आत कशाला येतो तो. माझ्या जिवात जीव आला आणि मी तिथेच पडलेल्या काड्यांवर बसून रडले.

आबांनी एक काडी वाकवून पाहिली. सोडली, तशी ती सरळ झाली. पुन्हा वाकवली.

"पुढला साल रस्तावर बी हाऊच पेरजो," ते म्हणाले.

तोवर छगन बांधावर पोचला होता. बटाईचे काय ठरले, असे त्याने हळूच विचारले.

"वावर मनी सून करस," आबा म्हणाले, आणि पडलेला बन्सी बैलांसाठी कापायला त्याच्याचकडे विळा मागितला.