चोवीस नग, कोणतीही साइज

रेडीमेड कपड्यांचा ठोक कॅटलॉग बाजारात जाऊन आठवडा झाला तरी कमलबाईंच्या घरचा फोन लीलाताईंसाठी एकदाही वाजला नाही, तेव्हा त्यांना पहिल्यांदा शंका आली. फोन कमलबाईंचा, नंबर मात्र लीलाताईंनी कॅटलॉगात द्यायला लावलेला, नावापुढे 'पी.पी.' लिहून. शेजारच्या घरी फोन असला की परदेशीपुऱ्यात सगळे असंच करत. घंटी वाजली की कमलबाई गच्चीवरून हाक मारणार आणि लीलाताई शिलाई मशीन सोडून धावणार, एवढी तयारी. पण घंटी वाजायची ती कमलबाईंच्या जावयाची.

शेवटी लीलाताई पाटणीपुऱ्यातल्या एका रेडीमेडवाल्याकडे गेल्या आणि त्याच्या गल्ल्यावरचा कॅटलॉग मागून बघितला. सव्विसाव्या पानावर खालच्या अर्ध्या भागात त्यांचा फ्रॉक होता. झालरवाला, सुती, कमरेला नाडी. फोटो झकास आला होता. मग त्यांनी फोटोखालचा मजकूर वाचला आणि तळपायाची आग मस्तकाला गेली.

त्यांनी लिहून दिलं होतं ते असं: 'लीला बेबी फ्रॉक. साइज १६ ते २६. कमीत कमी ऑर्डर चोवीस नग, कोणत्याही साइजचे, सेट घेण्याची सक्ती नाही. माल ट्रान्सपोर्टने, बिल्टी-पावती बँकेमार्फत. दुकानदारांनी चौकशी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा फोनवर करावी,' आणि पुढे कमलबाईंचा नंबर. मराठीत त्यांनी लिहिलं, हिंदी नवऱ्याने केलं, आणि चाळीतल्या शिवणाऱ्या आठ बायकांनी ते दोनदा वाचून पाहिलं होतं.

छापलं होतं ते असं: 'बेबी फ्रॉक. साइज १६ ते २६. न्यूनतम ऑर्डर चार सेट. पूछताछ,' आणि पुढे कॅटलॉग काढणाऱ्या शामराव वैद्यांच्या ऑफिसचा नंबर. 'लीला' हा शब्दसुद्धा गायब.

लहान मुलींच्या फ्रॉकची साइज म्हणजे त्याची इंचांतली लांबी. सोळा, अठरा, वीस, बावीस, चोवीस, सव्वीस, असे सहा फ्रॉक मिळून एक सेट. ठोक बाजाराचा कायदा असा की सेट फोडायचा नाही. सनावदच्या दुकानदाराकडे विशीचे आणि बाविशीचे फ्रॉक धडाधड खपतात आणि सोळाचे वर्षभर कपाटात पिवळे पडतात, पण घ्यायचे तर सगळे घ्या. कारण मोठे सेठ कापडाचे पन्नास-साठ थर लावून सगळ्या साइज एकदम कापतात. एकच साइज जास्त गेली तर उरलेला माल त्यांच्या बोकांडी बसतो.

लीलाताईंकडे थर लावायला कापडच कुठे होतं? मिल बंद पडली, नवऱ्याची, म्हणजे प्रतापरावांची, टाइमकीपरची नोकरी गेली, आणि चाळीतल्या आठ घरांत बायकांच्या मशिनी तेवढ्या चालू राहिल्या. त्या एका बड्या सेठकडून कापलेला माल आणून नगावर शिवून देत. मग लीलाताईंच्या डोक्यात आलं, आपण ऑर्डर आल्यावरच कापलं तर? ज्याला जी साइज हवी ती. बाजारात कोणी देत नाही तेवढंच आपण द्यायचं. आठ जणींना ते पटलं. पैपैसा जोडून त्यांनी कॅटलॉगात अर्धं पान घेतलं आणि सेठचं काम परत केलं. आता दिवाळीची ऑर्डर या पानावरून आली तर आपल्या नावानं उभं राहायचं, नाही आली तर सेठच्या दारात पुन्हा हात जोडायचे. आणि तो काही सरळ काम देणार नव्हता, आधी चार चांगले शब्द ऐकवणार होता.

आणि हे पान खाल्लं कोणी? परक्यानं नव्हे. शामराव वैद्य याच मिलच्या विक्री डेपोत होते. गेटला टाळं लागलं त्या दिवशी लीलाताईंच्या ओट्यावर बसून त्यांनी पोरासारखं रडून घेतलं होतं आणि वर दोन वाट्या पोहे खाल्ले होते. केसानं गळा कापायचा तर आपल्याच माणसाने, म्हणतात ते खोटं नाही.

प्रतापराव म्हणाले, "जाऊ दे ना लीला, पुढच्या सीझनला बघू."

"पुढच्या सीझनला कोण बघणार? तुम्ही? मिलच्या गेटकडेच बघून राहिलात चार वर्षं," असं म्हणून लीलाताई टेम्पोत बसल्यासुद्धा. बोलून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण टेम्पो सुटला होता.

शामरावांचं ऑफिस सीतलामाता बाजारामागे, एका अरुंद जिन्यावर. टेबल, फोन, कपाट, आणि भिंतीला लागून कॅटलॉगचे गठ्ठे. शामराव चहा पीत होते.

"अरे वहिनी! या या. फोटो कसा आला, बोला?"

"फोटो चांगला आला, भावजी. खाली काय छापलंत?"

शामरावांनी कप खाली ठेवला. "तेच तर छापलं. चोवीस नग म्हणाला होता ना तुम्ही? चार सेट म्हणजे चोवीसच होतात. हिशोब करून बघा. मी काय बदललं?"

हिशोब लीलाताईंनाही येत होता. एवढा मोठा खोटेपणा एवढ्या खऱ्या आकड्यात कसा बसवला माणसाने!

"चोवीस म्हणजे चोवीस नाही होत, भावजी. माझ्या चोवीसात बारा विशीचे आणि बारा बाविशीचे घेता येतात. तुमच्या चोवीसात चार सोळाचे गळ्यात पडतात. सेटच घ्यायचा तर दुकानदार माझ्याकडून का घेईल? बड्या सेठकडूनच घेईल ना! त्याच्याकडे गोदाम आहे, गादी आहे, नाव आहे. माझ्याकडे तेवढी एक ओळ होती, ती तुम्ही खाल्ली."

"बाजाराचा दस्तूर आहे वहिनी, अपन काय करणार? कॅटलॉगात फुल पेज देणारे सेठ लोक म्हणाले, एकीने सेट फोडला तर उद्या सगळे दुकानदार आम्हाला पण फोडायला लावतील. त्यांची पानं गेली तर कॅटलॉगच बंद. आणि तो पी.पी. नंबर! वहिनी, क्या बात कर रहे हो, होलसेलच्या कॅटलॉगात पी.पी.? लोक हसतील. मी तुमची इज्जत वाचवली."

"आणि नाव? नाव कोणाची इज्जत वाचवायला काढलंत?"

शामरावांनी पुन्हा चहाचा कप उचलला.

तेवढ्यात फोन वाजला. शामरावांचा हात पुढे जायच्या आधी लीलाताईंनी रिसीव्हर उचलला. असं काही करायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. पण आठ दिवस घंटीची वाट बघितलेल्या बाईसमोर घंटी वाजली, मग दुसरं काय होणार?

"सनावद से बोल रहा हूँ," पलीकडचा माणूस म्हणाला. "पेज छब्बीस का नीचेवाला फ्रॉक. परसों आपने कहा था सेट ही लेना पड़ेगा. भिया, थोड़ा देखो ना, सोलह-अठारह मेरे यहाँ चलते नहीं."

परवा विचारलं होतं! म्हणजे चौकशा येत होत्या. याच टेबलावर येत होत्या आणि याच टेबलावर मरत होत्या. लीलाताईंनी टेबलावरची पेन्सिल आणि कागद पुढे ओढले.

"कौन-सी साइज चाहिए आपको?"

"बीस के पंद्रह, बाईस के पंद्रह."

"मिल जाएँगे. चौबीस से ऊपर कितने भी लो, कोई भी साइज. दुकान का नाम-पता बोलो, सैंपल पहले भेजती हूँ."

शामराव उभे राहिले. "वहिनी, फोन माझा आहे."

"फोन तुमचा, भावजी. पण माझ्या फ्रॉकखाली हाच नंबर छापलाय ना तुम्ही? मग माझ्या फ्रॉकचा फोन मीच घेणार. तुम्हाला नको असेल तर नंबर बदला." आणि त्या फोनशेजारच्या खुर्चीत बसल्या.

शामरावांनी समजावून पाहिलं, आवाज चढवून पाहिला, मिलच्या दिवसांची आठवणही काढून पाहिली. त्या आठवणीवर तर लीलाताई जास्तच भडकल्या. "मिलचं नाव नका घेऊ! मालकाने आपल्याला न विचारता टाळं लावलं म्हणून माझ्या ओट्यावर रडलात ना? मग मला न विचारता माझी ओळ कशी काढलीत? तेव्हा तुम्ही रडलात, मी नाही रडणार. मी इथे बसणार."

आणि बसल्या. दुपारपर्यंत धारहून एक फोन आला, बडवाहहून एक, खरगोनच्या एका बाईचा एक. ती खरगोनची बाई म्हणाली, इतकी वर्षं दुकान चालवतेय, साइज विचारणारी ठोकवाली पहिल्यांदा भेटली. बाकीच्या पानांचे फोन आले की लीलाताई रिसीव्हर मुकाट्याने शामरावांच्या हातात देत. दुसऱ्याच्या ग्राहकाला त्यांनी बोट लावलं नाही.

तिसऱ्या प्रहरी शामराव थकले. "काय हवंय तुम्हाला?"

"माझा मजकूर. छापून आणा आणि जुन्यावर चिकटवा. इथे उरलेत त्या सगळ्यांवर. आणि बाहेर गेलेत त्या दुकानांना चिठ्ठी टाका."

"सेठ लोक मला खातील."

"मला खाल्लं तेव्हा तुम्ही वाढायला होतातच की."

शामराव खाली छापखान्यात गेले आणि तासाभराने पट्ट्या घेऊन आले. 'लीला बेबी फ्रॉक' पासून कमलबाईंच्या पी.पी. नंबरापर्यंत सगळं जसंच्या तसं. त्यांनी खळ घेतली, पहिला गठ्ठा सोडला आणि मान खाली घालून सव्विसाव्या पानावर पट्टी चिकटवू लागले. एक पट्टी तिरकी लागली, ती लीलाताईंनी काढून परत लावायला लावली. त्यांना शामरावांची दया आली नाही असं नाही. आली. पण दया आली म्हणून ओळ सोडायची नसते, एवढं त्या दिवशी त्यांना पक्कं कळलं होतं.

फोन पुन्हा वाजला. शामरावांचे हात खळीत भरलेले, म्हणून त्यांनी नुसतं बघितलं. लीलाताईंनी उचलला. काही बोलायच्या आतच पलीकडून भारदस्त आवाज आला. तो त्यांना चांगला ओळखीचा होता. याच आवाजाच्या दारात त्यांनी तीन वर्षं नगावर शिवलेला माल मोजून दिला होता.

"वैद्य, वो परदेशीपुरेवाली बाई का सेट का मामला निपटा कि नहीं? उसको बोलो, दिवाली सिर पे है, चुपचाप काम पे आ जाए. सेट की तोड़फोड़ बंद करे."

शामरावांच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

"निपट गया, सेठजी," लीलाताई म्हणाल्या. "लीला बेबी फ्रॉक बोल रही हूँ. कम से कम चौबीस नग, कोई भी साइज. आपको कितने लिखूँ?"

आणि त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली. लीलाताई उत्तराची वाट बघत रिसीव्हर कानाला धरून बसल्या.