चुकलेल्या दिवसांची वही

बढतीच्या परीक्षेचा अभ्यास तिसऱ्यांदा बारगळला, तेव्हा वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर एका नर्सला म्हणाल्या, "स्वतःला आळशी म्हणणं बंद कर. चुकलेल्या दिवशी नेमकं आधी काय झालं, ते लिही."

नर्सने दोन तासांचा अभ्यास अर्ध्या तासावर आणला, रात्रीचा पहाटे नेला. तरी घोडं अडलेलंच. तीन आठवड्यांनी दोघींनी वही वाचली. नवऱ्याचा चष्मा हरवला. नवऱ्याचं डोकं दुखलं. नवऱ्याच्या छातीत कळ आली, चहा मिळाल्यावर थांबली.

"अर्धा तास ठीक आहे, जागा बदल," सिस्टर म्हणाल्या.

मग ड्युटी संपली की ती औषधांच्या खोलीत बसू लागली. वीस दिवस एकही खाडा नाही. एकविसाव्या दिवशी वॉर्डातल्या मावशी धावत आल्या. "तुमच्या मालकांना आणलंय. जिन्यावरून पडले, पाय मोडलाय. तुमच्या नावाने ओरडताहेत."

"डॉक्टरांनी पाहिलं?"

"हो, प्लास्टर घालायला घेतलंय."

नर्सने घड्याळ पाहिलं. अठरा मिनिटं उरली होती. तिने पान उलटलं. भिंतीपलीकडून हाका येतच राहिल्या. अठरा मिनिटांनी तिने वहीत त्या दिवसापुढे बरोबरची खूण केली, पेनाला टोपण लावलं आणि मग उठली.