पत्र्याचा ढोल

दरबारा सिंगला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याची बायको मुख्तियार कौर अजून रोज दोघांचा चहा टाकायची आणि उरलेला म्हशीच्या आंबोणात ओतायची. रडायची नाही. लोकांना वाटे, बाई मोठ्या धीराची. धीरबीर काही नव्हता. हातपाय चालत होते म्हणून ती चालत होती.

वैशाखात गहू घरी आला. लेक लखबीरनं ट्रॉली तशीच मंडीला काढली.

"घरी ठेवायचा नाही," तो म्हणाला. "पीठ दुकानातून आणू. वर्षभर आणतोच आहोत."

मुख्तियार झाडू घेऊन अंगणात उतरली. बोलली ती दलीप कौर, दरबाराची थोरली बहीण, लखबीरची भूआ. त्याच सकाळी ती बुढलाड्याहून बसनं आली होती, डोक्यावर चादरीचं मोठं गाठोडं घेऊन. गाठोड्यात कडुनिंबाचा पाला होता. आठ दिवस पडवीत, सावलीत वाळवलेला; हातात घेतला की चुरचुरत होता, पण रंग हिरवा होता.

"शेताचं घर आणि पिशवीतलं पीठ?" दलीप कौर म्हणाली. "माझ्या आईनं चाळीस वर्षं निंबावर गहू ठेवला. तेव्हा कुठं होत्या तुमच्या गोळ्या? पाच क्विंटल उतरव खाली, बाकीचा ने."

"भूआ, नको."

"का नको? माझा भाऊ गोळ्यांनी गेला. गव्हानं नाही गेला."

लखबीरनं आईकडे पाहिलं. आई अंगण झाडत होती. त्यानं पोती उतरवली.

मागच्या आषाढात गव्हात सोंडे दिसले होते. घरात धान्य साठवायचा एकच ढोल होता, पत्र्याचा, पुरुषभर उंच, पुढच्या खोलीत ठेवलेला. लखबीरनं दुकानातून किडीसाठी विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या आणल्या. मुख्तियारनं त्या फडक्यात बांधून गव्हात खोचल्या, झाकण लावलं आणि बहिणीकडे गेली. झाकणाची एक कड वाकलेली होती. त्या रात्री धुळीचं वादळ आलं. एरवी अंगणात झोपणारा दरबारा खाट आत घेऊन, दारंखिडक्या लावून ढोलाशेजारी झोपला. लखबीर शेतात पाण्याच्या मोटारीवर होता, धानाला पाणी देत. तो सकाळी परतला तेव्हा बाप ओकत होता, श्वास पुरत नव्हता. मानसा शहरातल्या दवाखान्यात दुपारच्या आत सगळं संपलं.

गोळ्या कुणी ठेवल्या, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा लखबीर म्हणाला, "बापूनं स्वतःच." तेच नातेवाइकांत गेलं. आईलेकांत त्यावर एक शब्द झाला नाही. चौघांनी मिळून गव्हासकट ढोल ट्रॅक्टरनं ओढून गोठ्याच्या छपराखाली नेला होता, तो तिथंच न उघडता उभा होता.

"दुसरा आणू या," लखबीर म्हणाला.

"कशाला? ढोलाचा काय दोष," दलीप कौर म्हणाली. "मोकळा कर तो."

लखबीरनं तोंडाला पगडीचं टोक बांधलं, वाऱ्याकडे पाठ केली आणि ढोलाची वरची-खालची दोन्ही झाकणं उघडली. मग तीन दिवस कुणाला तिकडं फिरकू दिलं नाही. म्हशीही पलीकडच्या झाडाखाली बांधल्या.

ते तीन दिवस दोघी बायका गच्चीवर नवा गहू वाळवत होत्या. ताडपत्रीवर बोटभर थर, दर तासाला पायानं फिरवायचा. दलीप कौर मधूनच दाणा दाढेखाली धरी.

"मऊ आहे अजून. ओला गहू भरलास तर निंबाच्या बापाच्यानंही राखवायचा नाही."

"बरं, बीबी."

"आणि निंब किडा मारत नाही, येऊ देत नाही. आधीच शिरलेल्याला काही करत नाही तो. म्हणून हे ऊन. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

तिसऱ्या दिवशी दाणा कडकन फुटला.

चौथ्या सकाळी लखबीरनं बांधावर खड्डा खणला. जुना गहू खालच्या तोंडातून पोत्यांत उतरू लागला. एकही किडा नव्हता. दाणा तसाच पिवळाधमक. कुणी त्याला हात लावला नाही, फावड्यानंच ओढला. तिसऱ्या पोत्याच्या वेळी गव्हाबरोबर एक गाठ घरंगळत आली. आत राखाडी भुकटी, वर फडकं. पिवळं, मोरपंखी काठाचं.

दलीप कौर वाकून बघत राहिली. ती ओढणी तिनंच भावजयीला दिली होती, आपल्या मुलीच्या लग्नात.

"हात नको लावू, भूआ," लखबीर म्हणाला. त्यानं फावड्यानं गाठ उचलली आणि तिथंच उभा राहिला.

"हे तुझ्या ओढणीचं," दलीप कौर म्हणाली.

"हो."

"दरबारानं घेतलं असेल."

मुख्तियारला हो म्हणता आलं असतं. लेक तिच्याकडेच बघत होता. पण खोटं बोलायलाही जोर लागतो, आणि तो तिच्यात उरला नव्हता.

"नाही. मी बांधलं. मीच ठेवलं. झाकण वाकडं आहे हे मला माहीत होतं."

"आणल्या मी होत्या," लखबीर म्हणाला. "आणि बापूचं नाव मी घेतलं."

दलीप कौर पोत्यावर बसली. तिनं विचारलं, "तो त्या खोलीत झोपणार, हे माहीत होतं?"

"नाही. तो अंगणात झोपायचा."

"हं."

लखबीरनं गाठ आणि गहू दोन्ही पुरलं. मग ढोल धुतला, घासला आणि दिवसभर उन्हात आडवा टाकला. लोहाराकडून वाकडं झाकण सरळ करून आणलं. दलीप कौर दिवसभर गच्चीवर गव्हापाशीच बसली. जेवलीही नाही. संध्याकाळची बस होती, ती मात्र तिनं सोडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आधी उठली. ढोल गोठ्याशेजारच्या रिकाम्या कोठीत, भिंतीपासून हातभर दूर, विटांवर चढवला होता. रात्रभर झाकून निवलेला गहू तिनं मुठीत घेऊन पाहिला. गार होता.

"गरम भरला की आत घाम धरतो," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

तळाला पाला, वर गहू, पुन्हा पाला. लखबीर पाट्या ओतत होता, मुख्तियार पाला पसरत होती. तिचे हात कडू झाले. घाम पुसताना ओठाला लागलं तरी तिला जाणवलं नाही. काठोकाठ भरल्यावर दलीप कौरनं शेवटचा जाड थर घातला, झाकण दाबून बसवलं आणि फटीला माती लिंपली.

"पावसात उघडू नकोस. रोजच्यापुरता वेगळा काढला आहे."

"बरं."

"मुख्तियार, मला आत्ता तुझं तोंड बघवत नाही. मग बघवेल की नाही, ठाऊक नाही."

"बरं, बीबी."

सकाळच्या बसनं ती गेली. पावसाळाभर तिचा फोन आला नाही. दरबाराच्या वर्षश्राद्धाच्या पाठालाही ती बायकांत मागं बसली आणि लंगर घेऊन परत गेली.

आश्विनात लखबीरनं ढोल उघडला. वरच्या थरात पाच-सात सोंडे निघाले, खाली काही नाही. मुख्तियारनं पाला चाळून काढला, गहू धुवून वाळवला, चक्कीवर दिला. त्या गव्हाची पहिली रोटी लखबीरनं खाल्ली.

"जरा वास येतो निंबाचा."

"येणारच."

"चांगली आहे, बेबे."

तिनंही एक खाल्ली. तिला चव अशी काही लागली नाही. वर्षभर कशालाच लागत नव्हती. पण सबंध खाल्ली.

आठवड्यानं बुढलाड्याहून एक शेजारी ट्रॅक्टरवर आला. म्हणाला, दलीप कौरनं विचारलंय, गहू टिकला का. आणि टिकला असेल तर वीस किलो पाठव म्हणाली.

"आणखी काही म्हणाली?" लखबीरनं विचारलं.

"नाही. एवढंच."

मुख्तियारनं पोतं आणलं, माप घेतलं आणि कोठीत शिरली. वीसच्या जागी तिनं पंचवीस भरला. तोंड शिवायला सुई सापडेना, म्हणून तिनं सुतळीनंच घट्ट बांधलं.