सद्भावनेचे दीड हजार

पत्र तीनदा वाचून झालं तरी वहिनींना कळेना, की यात आपली माफी मागितलीय की आपल्याला हाकललंय.

घरच्या घरी केक करून विकणाऱ्या या बाईंना अख्खी गल्ली वहिनीच म्हणायची. त्यांचा डीप फ्रीझर शुक्रवारी कंपनीच्या माणसाने दुरुस्त केला, अठराशे घेतले आणि जाताना पाणी मागून प्यायला. रविवारी सकाळी वहिनींनी झाकण उघडलं तर आंबूस वास भस्सकन अंगावर आला. बाहेरचा दिवा सुरूच होता, म्हणून शनिवारभर कुणाला शंकाही आली नाही. आत मात्र क्रीमचं पाणी झालेलं, केकचे थर लिबलिबीत, गोठवलेली फळं आपल्याच रसात पोहत होती.

वहिनींनी तक्रार केली. पंधरा दिवसांनी हे पत्र आलं: "आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो. कोणतीही जबाबदारी मान्य न करता, केवळ सद्भावनेपोटी आम्ही आपणांस दीड हजार देऊ इच्छितो."

"खेद वाटतो, पण जबाबदारी नाही. मग पैसे कशाचे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"अगं, देतायत ते घे. पदरात पडलं ते आपलं." तो बूट घालता घालता म्हणाला.

घ्यावेत असं वहिनींनाही क्षणभर वाटलं. पण मग त्यांनी रागाच्या भरात एका कागदावर आकडे मांडले. बेरीज आली साडेसव्वीस हजार. इतका मोठा आकडा बघून त्या स्वतःच दचकल्या. खरंच एवढं गेलं, की रागाने वाढवलं?

संध्याकाळी नणंद आली. ती विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायची. म्हणजे लोकांनी मागितलेल्या रकमांना कात्री लावणं हा तिचा रोजचा धंदा. वहिनींनी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने पर्समधून पेन काढलं आणि पहिल्याच मिनिटाला एक ओळ खोडली.

"हे काय? मनस्ताप, पाच हजार?"

"झाला ना मनस्ताप!"

"झाला, पण त्याची पावती कुठाय? ही एक ओळ पाहून ते बाकीच्या ओळींवरही विश्वास ठेवणार नाहीत. पुढे. खराब झालेला माल, नऊ हजार चारशे साठ. बिलं आहेत?"

"सगळी. पण फळं पूर्ण वाया नाही गेली. त्याच दिवशी जॅम करून विकला. आठशे साठ आले."

"मग ते वजा कर."

"मी राबून केलेला जॅम मी वजा करू?"

"कर. त्यांनी विचारायच्या आधी आपण सांगायचं. राहिले आठ हजार सहाशे." नणंदेचं पेन खाली सरकलं. "रद्द झालेले तीन केक, साडेसात हजार. ही तर विक्रीची किंमत झाली. या केकचं सामान फ्रीझरमध्येच होतं ना?"

"हो. दोन हजार नऊशेचं."

"ते वरच्या मालात धरलंयस. एकच लोणी दोनदा कसं वितळेल? वजा. खोकी आणि पोचवायची रिक्षा?"

"ते चारशे खर्चच झाले नाहीत."

"तेही वजा. राहिला तुझा बुडालेला नफा, चार हजार दोनशे."

वहिनींचं डोकं गरगरायला लागलं. "ताई, तुम्ही नक्की माझ्या बाजूच्या की त्यांच्या?"

नणंद हसली, पण पेन थांबलं नाही. "बर्फ, पाचशे चाळीस, ठीक. आता ही दुसऱ्या मेकॅनिकची दुरुस्ती, दोन हजार दोनशे, आणि पहिले अठराशेही परत हवेत. एकदा दुरुस्त करायचे पैसे तुला द्यायचेच होते ना? मग भुर्दंड एकाच दुरुस्तीचा. दोन हजार दोनशे ठेव, अठराशे काढ."

शेवटी बेरीज आली पंधरा हजार पाचशे चाळीस. वहिनींना समजेना, अकरा हजार घरातल्या माणसानेच कमी केले याचा आनंद मानायचा की राग. नणंदेने मात्र प्रत्येक ओळीपुढे बिलाचा नंबर लिहायला लावला, वजा केलेल्या रकमाही कारणासकट दाखवायला लावल्या, आणि वर ठळक लिहवून घेतलं, की दीड हजार आम्ही स्वीकारत नाही.

आठवड्याने कंपनीच्या ऑफिसातून बोलावणं आलं. नणंदही सोबत गेली. तक्रार विभागाचा साहेब गोल चेहऱ्याचा, मऊ आवाजाचा होता. त्याने कागदावर पट्टी ठेवली आणि ती एकेक ओळ खाली सरकवू लागला. मालाची बिलं त्याने जुळवून पाहिली. दुसऱ्या मेकॅनिकचं बिल मात्र दोनदा वाचलं. त्यावर लिहिलं होतं: पंख्याची तार सैल जोडलेली, त्यामुळे सांधा तापून मोटर जळाली.

"जॅमचे पैसे तुम्हीच वजा केलेत?" त्याने विचारलं.

"हो. आले होते ना."

साहेबाने पट्टी त्याच ओळीवर धरून ठेवली. वहिनींना वाटलं, चुकलंच आपलं, उगाच सांगितलं.

"बर्फाची पावती नाहीये."

"रविवार होता. कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडून आणला. तो कुठली पावती देणार?"

"असू दे," म्हणत त्याने बरोबरची खूण केली. वहिनी बघतच राहिल्या. ज्या ओळीची त्यांना सगळ्यात भीती होती, ती अशी सहज सुटली! आणि ज्या केकच्या ओळीची त्यांना खात्री होती, तिथे गाडी अडली. दोन ऑर्डरी रद्द झाल्याचे मेसेज होते. तिसरी ऑर्डर देणाऱ्या बाईने मात्र फोनवरच नको म्हटलं होतं.

"लेखी काही नाही, तर या केकचा नफा मला धरता येणार नाही. बाराशे कमी होतील. चौदा हजार तीनशे चाळीस देतो. चालेल?"

दीड हजारांवरून चौदा हजार! वहिनींच्या तोंडून हो निघणारच होतं, तेवढ्यात त्यांना तो पाणी मागून पिणारा माणूस आठवला.

"हे त्याच्या पगारातून कापणार का?"

"कोणाच्या?"

"तार ज्याने जोडली त्याच्या."

साहेबाने पट्टी बाजूला ठेवली. "ते आमचं अंतर्गत आहे, मॅडम."

"म्हणजे कापणार?"

"म्हणजे अंतर्गत आहे."

त्याने सहीसाठी कागद पुढे केला. वहिनींनी वाचला. रक्कम बरोबर होती. ही रक्कम मिळाल्यावर पुढे काही मागणार नाही, हेही होतं. पण वर तेच वाक्य होतं: जबाबदारी मान्य न करता, केवळ सद्भावनेपोटी.

"अहो, आत्ता ओळ न् ओळ तुम्हीच मोजलीत ना? मग अजून सद्भावना कशी?"

"आमच्याकडे हा एकच नमुना आहे," साहेब म्हणाला, आणि त्याचाही चेहरा जरा ओशाळला.

वहिनींनी शेजारी बसलेल्या नणंदेकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली, कर सही. वहिनींनी सही केली.

जिना उतरताना नणंद खुशीत होती. "अशी कागदपत्रं आमच्याकडे आली ना, तर मलाही कापायला जागा राहणार नाही."

वहिनी रस्त्यावर येऊन थांबल्या. पैसे मिळाले होते, खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि तरी तो तार जोडणारा माणूस डोक्यातून जात नव्हता. तो कोणत्या भागात राहतो, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"ताई, आता आनंद व्हायला हवा ना मला?"

"हवा तर," नणंद म्हणाली आणि रिक्षाला हात केला.