शून्य टक्क्यांची ताई

ताईच्या पार्लरात खुर्च्या तीनच, पण तिचं वजन अख्ख्या रस्त्यावर. तिने शाम्पू बदलला की आसपासच्या पार्लरवाल्याही तोच मागवायच्या. म्हणूनच पार्लरचं बुकिंग घेणाऱ्या ॲपच्या कंपनीत नोकरीला लागल्यावर तिचा धाकटा भाऊ आधी तिच्याकडे चहाला आला. बहिणीची आठवण आली होती म्हणे!

तेव्हा अशी दोन ॲप होती. पार्लरवाल्या दोन्हींवर होत्या. गिऱ्हाईक कुठूनही येवो, आलं म्हणजे झालं. धाकट्याला नेमकं तेच नको होतं.

"ताई, दुसरं काढून टाक, बाकीच्यांनाही काढायला लाव," तो म्हणाला. "जिथे पार्लर जास्त दिसतात तिथे गिऱ्हाईक जातं आणि जिथे गिऱ्हाईक तिथे पार्लर. पारडं एकदा झुकलं की आपोआप झुकत जातं. आत्ता आम्ही कुणाकडूनच काही घेत नाही. तुझ्याकडून तर कधीच घेणार नाही. माझा शब्द."

ताई दारोदार फिरली. शेजारची कुरळी आणि ती केस कापायला एकत्रच शिकलेल्या. कुरळीने कुरकुर केली, "सगळं एकाच्याच हातात द्यायचं?"

"सख्खा भाऊ आहे गं माझा तिथे!"

आधी कुरळीने, मग सगळ्यांनी दुसरं ॲप काढलं. तिथे पार्लर दिसेनात म्हणून गिऱ्हाईक आटलं, गिऱ्हाईक आटलं म्हणून उरलीसुरली पार्लरंही निघाली आणि थोड्याच दिवसांत ते बंद पडलं.

मग इकडे कमिशन सुरू झालं. आधी नावापुरतं, नंतर वाढत वाढत बावीस टक्के. गिऱ्हाइकांना मात्र बुकिंग फुकट, वर कूपन. ताई तरातरा धाकट्याच्या ऑफिसात गेली.

"सगळं आमच्याच मानगुटीवर का? कूपनवाल्यांकडूनही घे की थोडं."

"त्यांच्याकडे एक पैसा मागितला तरी ते ॲप उडवतात. ते गेले तर तुम्ही इथे कशाला थांबाल? म्हणून त्यांना जपायचं, आणि त्यांच्या कूपनचा खर्च तुमच्या कमिशनमधून काढायचा. तुम्ही चिडता, पण जाणार कुठे? गिऱ्हाईक तर इथेच आहे." गणित सोडवून दाखवावं तसं त्याने सांगितलं. "आणि तू का तापतेस? तुझं शून्यच आहे, आणि शून्यच राहील."

ताईला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली, आणि ती कुणाजवळ बोलली नाही. पण बाकीच्या तिच्या शब्दावर तिथे अडकल्या होत्या. त्यांना बाहेर काढायचंही तिच्याच गळ्यात होतं. तिने सगळ्यांना कुरळीच्या पार्लरात बोलावलं.

"एकटीने ॲप बंद केलं तर गिऱ्हाईक शेजारी जाईल. पण सोमवारी सगळ्यांनी एकदम बंद केलं तर ॲपमध्ये दाखवायला पार्लरच उरणार नाही. कंपनीवाले झक मारत आपल्याला फोन करतील."

बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी हसलंसुद्धा. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या भुवयावालीने विचारलं, "ताई, तुमचं किती कापतात?"

खोटं बोलणं ताईच्या जिवावर आलं. "काहीच नाही."

"म्हणजे आम्ही उपाशी मरायचं, आणि तुम्ही मंगळवारी गुपचूप सुरू करायचं?"

ताईने आणाभाका घेतल्या, पण बायका पर्सा उचलून निघाल्या. कुरळी तेवढी थांबली. "मी करते बंद," ती म्हणाली. "पण मला तरी सांगायचंस."

ताईने तिथूनच धाकट्याला फोन लावला. "माझं बावीस टक्के कर. आत्ता."

"बायकांना कळलं वाटतं?" तो लगेच म्हणाला.

ताईने विचारलं, "हे होणार, तुला ठाऊक होतं?"

तो म्हणाला, "ताई, जी सगळ्यांना घेऊन येते ती सगळ्यांना घेऊन जाऊही शकते. तिच्याकडून कधी काही घ्यायचं नाही, म्हणजे तिच्यामागे कुणी जात नाही, हे मीच मीटिंगमध्ये सुचवलं होतं. तुझं शून्यच राहणार. तुझाही फायदाच झाला ना?"

सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता, आणि इतके दिवस ती त्याला माया समजत होती. तिने फोन ठेवला.

सोमवारी बंद होती ती दोघींचीच ॲप. ताईची नेहमीची गिऱ्हाइकं हातात फोन धरून तिच्या काचेसमोरून पुढे भुवयावालीकडे जात होती. एकीने आत डोकावून सांगितलंही, "दिसला नाहीत ॲपमध्ये, म्हटलं सुट्टी असेल." ताई म्हणाली, "उघडंय की, बसा." "पुढच्या वेळी नक्की. आज तिकडे बुक केलंय."

दुपारी कुरळी आली. बसली नाही.

"भाडं निघत नाही गं. मी सुरू करतेय."

"कर. मीही करते. आणखी काय करणार?"

कुरळी दारातच घुटमळली. "तेच सांगायला आले. तुझं काही कापत नाहीत. तू भाव उतरवू शकतेस, मला ते जमणार नाही. माझी गिऱ्हाइकं तुझ्याकडे येतील, ताई. तू ओढली नाहीस तरी येतील."

"मी भाव उतरवणार नाही. तुझी शपथ."

"शब्द नको देऊस," कुरळी म्हणाली आणि आपल्या पार्लरकडे गेली.