तिसऱ्या गाण्यातलं क्लॅरिनेट

लोक गाणं ऐकतात आणि गायिकेचं म्हणून मोकळे होतात. शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुठलं वाद्य कुठे शिरवायचं हे कुणी ठरवलं, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नसतं. रेकॉर्डच्या कव्हरची मागची बाजू म्हणजे त्यांच्या लेखी भिंतीकडे करून ठेवायची बाजू. भिंगवालीला असल्या लोकांचा मनापासून राग यायचा आणि ती तो लपवायचीही नाही.

भिंगवाली हे तिचं कचेरीतलं नाव. जुन्या रेकॉर्ड नव्याने काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती काम करायची. गाणी स्वच्छ करायचं काम दुसऱ्याचं, त्याला सगळे कानसेन म्हणत. भिंगवालीकडे नावं. जुन्या कव्हरवरची श्रेयनामावली भिंग लावून तपासायची, चुका काढायच्या आणि नव्या पुस्तिकेत बिनचूक छापायला द्यायची. कव्हरवर एक असतं, मधल्या गोल लेबलवर दुसरंच. लेबलवर गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरात कवी आणि संगीतकार एवढेच असतात. संयोजक, वादक, ध्वनिमुद्रक हे शोधायचे तर कव्हरच्या तळाशी डोळे फोडावे लागतात, आणि पुढच्या आवृत्तीत जाहिरातीला जागा हवी म्हणून पहिली कुऱ्हाड त्याच ओळींवर पडते.

नावांचं हे वेड तिला घरून लागलं होतं. तिची आई ती तान्ही असतानाच गेली. घरात आईचे फोटो होते, पण फोटो काही बोलत नाहीत. बोलायची ती एक लाल कव्हरची रेकॉर्ड. मागच्या बाजूला छापलेलं होतं, संगीत संयोजन, आणि पुढे बाबांचं नाव. त्याच्या खाली, क्लॅरिनेट, आणि पुढे आईचं. तिसऱ्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये सगळी वाद्यं थांबतात, कुणीतरी श्वास घेतं, आणि क्लॅरिनेट एकटं सुरू होतं. तो श्वास अगदी स्पष्ट ऐकू येतो. लहानपणी ती स्पीकरच्या जाळीला गाल लावून त्या श्वासाची वाट बघायची. ताप आला की, शाळेत भांडण झालं की, बाबा गेले तेव्हाही, तिने तो श्वास ऐकला होता. आई घेते तो श्वास, असं ती चारचौघांत सांगायची. मावशी मात्र ती रेकॉर्ड लागली की काहीतरी काम काढून उठून जायची. आईची धाकटी बहीण ती, भाचीला सांभाळायला म्हणून आली आणि कायमची राहिली. तिला बहिणीचा हेवा वाटतो, असं भिंगवालीने केव्हाच ठरवून टाकलं होतं. शिवाय मावशीला सुराचं काही कळत नाही, हेही तिने धरूनच ठेवलं होतं. साधं गुणगुणतानाही तिने मावशीला कधी ऐकलं नव्हतं.

आणि आता कंपनीने नेमकी तीच लाल रेकॉर्ड नव्याने काढायला घेतली. भिंगवालीला आकाश ठेंगणं झालं. आईचं नाव ती या वेळी तळातून वर आणणार होती, चांगल्या ठसठशीत अक्षरात.

मूळ टेप बुरशीने गेली होती. म्हणून कानसेनने एका संग्राहकाकडून रेकॉर्डची कोरी करकरीत प्रत मागवली, आणि भिंगवालीने जोडीला घरची आणली. दोन्ही ताटल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यावर कानसेन म्हणाला, "भिंग दे बरं जरा. या दोन सारख्या नाहीत."

शेवटचं गाणं संपतं तिथपासून लेबलपर्यंत एक गुळगुळीत मोकळी कडा असते. तिथे साचा कापणाऱ्याने हाताने नंबर कोरलेला असतो. संग्राहकाच्या प्रतीवर नंबरच्या शेवटी एक होता, घरच्या प्रतीवर दोन. म्हणजे ही बाजू नव्याने कापलेली होती.

"त्यात काय एवढं," भिंगवाली म्हणाली. "साचा झिजला की नवा कापतातच."

"कापतात. पण लेबल वाच की."

तिने वाचलं. घरच्या प्रतीवर तिसऱ्या गाण्याची लांबी जास्त होती. कव्हरवर छापलेली लांबी जुळत होती ती संग्राहकाच्या प्रतीशी. आणि लेबलच्या कडेला गोलातल्या पी अक्षरापुढे, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं म्हणून जे वर्ष छापतात तिथे, घरच्या प्रतीवर पुढचं वर्ष होतं. ते वर्ष उजाडायच्या आत आई गेली होती.

दुसऱ्या कुणाची रेकॉर्ड असती तर हे तिने पहिल्या दिवशी पकडलं असतं. जगाची लेबलं भिंगाखाली घालणाऱ्या बाईने स्वतःच्या घरची रेकॉर्ड कधी भिंगाखाली घेतली नव्हती. देवाच्या मूर्तीला कुणी वजनकाट्यावर ठेवत नाही, तसंच ते.

"छपाईतली चूक असेल," ती म्हणाली.

कानसेनने दोन्ही प्रती संगणकात घेतल्या आणि तिसरं गाणं एकावर एक बसवलं. मग एकाची लहर उलटी केली. असं केलं की दोन्हीकडे जे सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि वेगळं असेल तेवढंच उरतं. जुन्या ताटल्यांवर हे पुरतं साधत नाही, थोडी खरखर, थोडा गाळ राहतोच. तरी त्याने बटण दाबलं आणि बघता बघता गायिका विरली, व्हायोलिनं विरली, तबकडीच्या तळाशी कुणीतरी कुजबुजावं एवढाच वाद्यवृंद राहिला. आणि त्या पोकळीत दोन क्लॅरिनेटं वाजू लागली.

भर दुपार होती, खिडकीतून रस्त्यावरचे हॉर्न येत होते, तरी भिंगवालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. दोन्ही एकाच चालीवरून जात होती. एक थोडं मागे, एक पुढे. वळणं तीच, थांबे तेच. एकाने शिकवावं आणि दुसऱ्याने गिरवावं, तसं चाललं होतं. मग लांब सूर आला. एक क्लॅरिनेट मध्येच चिरकलं, तुटलं आणि पुन्हा उठलंच नाही. दुसरं तो सूर एकटंच शेवटपर्यंत घेऊन गेलं.

"संग्राहकाची प्रत नुसती लाव," ती म्हणाली.

कानसेनने लावली. वाद्यं थांबली. श्वास आला, पण तो अपुरा होता, धाप लागलेल्या माणसाचा. सूर पातळ होता आणि लांब सुरापाशी तुटला. ही आई होती. भिंगवालीने ओळखायचा जिवापाड प्रयत्न केला, पण तिला ती ओळखू आली नाही. परक्या, आजारी बाईचं वादन ऐकावं तसं तिने ते ऐकलं, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"मग माझ्या प्रतीवर वाजवतंय ते कोण?" तिने विचारलं. जन्मभर ती कुणाच्या श्वासाला आई म्हणत आली होती?

याचं उत्तर शोधायचं तर तिला एकच रीत ठाऊक होती. तिने बाबांनी संयोजन केलेल्या, त्या आधीच्या आणि नंतरच्या रेकॉर्ड कचेरीच्या कपाटातून काढल्या आणि फक्त मागच्या बाजू वाचत सुटली. तसं वादन करणारा माणूस आभाळातून पडत नाही, कुठेतरी तळाला सापडतोच. नंतरच्या रेकॉर्डवर क्लॅरिनेटला भलतीच नावं होती. तिने ती वादनं ऐकली, एकही जुळेना. मग आधीची, आईच्या लग्नापूर्वीची एक वाद्यसंगीताची रेकॉर्ड हाती आली. कव्हर फिकट, अक्षरं मुंगीएवढी. क्लॅरिनेट, आणि पुढे आईचं माहेरचं नाव. स्वल्पविराम. मग दुसरं नाव, आडनाव तेच.

ते मावशीचं होतं.

ती घरी आली तेव्हा मावशी स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. भिंगवालीने ते जुनं कव्हर तिच्यासमोर उलटं ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मावशीने चष्मा वर केला, वाचलं, आणि पुन्हा शेंग हातात घेतली.

"कुठून उकरून काढलंस हे?"

"लाल रेकॉर्डवर तू वाजवलंयस?"

"गेलेल्या गोष्टी कशाला काढतेस बाई."

"मावशी, मी विचारतेय."

शेंग हातातच राहिली. "ताईला तेव्हा दोन पावलं चालवत नव्हतं. तरी हट्टाने गेली. सूर तुटला तो तुटलाच. थोड्या प्रती निघाल्या, आणि संगीतकार अडून बसले, एवढी जागा परत करा म्हणून. तोवर ताई गेलेली. मग तुझ्या बाबांनी मला नेलं. वाद्यवृंद होता तोच ठेवला, नुसतं क्लॅरिनेट वरून भरलं. ती टेप मी इतकी ऐकली होती की तिचा कुठला श्वास कुठे तेसुद्धा पाठ झालं होतं."

"आणि नाव?"

"कव्हरं आधीच छापून पडलेली. कंपनी म्हणाली, परत कोण छापतंय. मलाही बरंच वाटलं. बहिणीच्या दुखण्यावर आपलं नाव कुठे लावायचं?"

"नंतर तर सांगायचंस!"

"नंतर तू बोलायला लागलीस," मावशी म्हणाली. "रेकॉर्ड लागली की स्पीकरला चिकटायचीस आणि म्हणायचीस, आई आली. काय सांगणार होते मी? नाही गं, ही आई नव्हे, ही तुझी मावशी?"

भिंगवाली समोरच्या स्टुलावर बसली. "म्हणून तू वाजवणं सोडलंस?"

"तुझे कान लहानपणापासूनच तिखट. एकाच घरात तोच सूर दोन ठिकाणांहून आला असता तर तू ओळखलं असतंस." मावशीने सोललेले दाणे उगाचच हाताने सारखे केले. "क्लॅरिनेट विकून टाकलं. तुला सुराचा संशय नको म्हणून गुणगुणणंसुद्धा सोडलं. पहिली काही वर्षं जड गेली, मग सवय झाली."

भिंगवाली रडायला लागली. हेवा वाटतो म्हणून जिला ती मनातल्या मनात बोल लावत आली होती, ती बाई दर वेळी स्वतःच्याच आवाजापासून उठून जात होती. मेलेल्या आईला म्हणून घातलेली प्रत्येक हाक शेजारच्या खोलीत पोचत होती, आणि तिथून ओ द्यायची चोरी होती.

"पुस्तिका उद्या छापायला जाते," ती डोळे पुसत म्हणाली. "दोन्ही वादनं घालणार आहोत. आईचं तुटलेलं शेवटी, वेगळं. आणि तिसऱ्या गाण्यापुढे तुझं नाव."

"नको." मावशीचा आवाज एकदम चढला. "अजिबात नको. तुझ्यासाठी तिच्यातलं तेवढंच तर शिल्लक आहे. माझं नाव घातलंस तर ती परत मरेल गं."

"ती गेली, मावशी. मला तिची ओळखसुद्धा पटली नाही. ताप आला की माझ्या उशाशी वाजत होतीस ती तू." तिने पर्समधून मसुद्याचा कागद काढला, ओट्यावर पसरला आणि पेन उघडलं. "तू जिवंत आहेस आणि मी तुला मेलेली धरून बसले होते. आता मला सांग, नाव कसं लिहू? पूर्ण, की नुसतं पहिलं?"

मावशीने त्या कागदावरच्या ओळी वाचल्या. वाद्यांची नावं, त्यांच्यापुढे माणसांची, आणि क्लॅरिनेटच्या ओळीत आईचं एकटीचं.

"पूर्ण लिही," ती शेवटी म्हणाली. मग पेन कागदाला टेकायच्या आत तिने भाचीचा हात धरला. "पण ताईच्या खाली लिही. मी धाकटी आहे."