नववी ‘ब’मधली शून्यं

पत्र झकास उतरलं होतं. शिशिर वाईकरने ते तीनदा वाचलं आणि तीनही वेळा त्याला स्वतःचा अभिमान वाटला. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या ट्रस्टच्या शाळेत तो नववी-दहावीला गणित शिकवायचा. निकालाचे कागद तिथे गठ्ठ्यांनी बांधून कपाटात जायचे आणि पालकसभेच्या आदल्या दिवशी धूळ झटकून बाहेर यायचे. तोवर जे पोरगं घसरायचं ते घसरून बसलेलं असायचं. हे बदलावं असं त्याला मनापासून वाटत होतं, त्यात खोट नव्हती.

प्राचार्या वनमाला घाटे यांना त्याने लिहिलं होतं की दुसऱ्या सत्रापुरता, फक्त नववीच्या दोन तुकड्यांसाठी, निकालाचा डॅशबोर्ड करून पाहू. म्हणजे संगणकावरचं एकच पान, ज्यावर प्रत्येक तुकडीचा, प्रत्येक विषयाचा चढउतार चित्रासारखा दिसेल. फायदे लिहिले होते: मागे पडणारी मुलं सभेआधीच कळतील, त्यांच्यासाठी जादा तास वेळेत ठेवता येतील, आणि तीच तीच कोष्टकं हाताने भरण्यातून शिक्षक सुटतील. माहिती काय लागेल तेही लिहिलं होतं: घटक चाचणीचे आणि सहामाहीचे विषयवार गुण, रोजची हजेरी, आणि मुलांच्या नावांऐवजी हजेरी क्रमांक. ऑफिसातल्याच संगणकावर काम होईल आणि सत्र संपल्यावर ठेवायचं की बंद करायचं ते मॅडमनी ठरवावं, असा नम्र शेवट होता.

पण नुसत्या बोलण्याने वनमाला मॅडम हलत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने नमुन्याचं एक पान जोडलं, आणि पत्रात एक ओळ घातली: ‘उदाहरणार्थ, नववी ब चा विज्ञानाचा सरासरी निकाल घटक चाचणीत साठ टक्के होता, तो सहामाहीत शेहेचाळीसवर आला आहे. असा उतार वेळीच दिसला तर उपाय करता येतो.’

शिक्षकाचं नाव त्याने लिहिलं नाही. नाव नाही लिहिलं म्हणजे कोणाला दुखावलं नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण नववी ब ला विज्ञान शिकवणारी शाळेत एकच बाई होती, इंदू दीदी, आणि ते शाळेतल्या कबुतरांनासुद्धा माहीत होतं.

मॅडमनी पत्र दुसऱ्याच दिवशी मंजूर केलं. नमुन्याच्या पानावर घसरण दाखवणारा लाल पट्टा त्यांना फार आवडला. इतकी वर्षं अंदाजाने शाळा चालवली, आता कुठे डोळे आले, असं त्या म्हणाल्या. आणि डोळे आल्याबरोबर त्यांनी पहिलं काम केलं ते असं, की पुढच्या वर्षीचं दहावीचं विज्ञान इंदू दीदीकडून काढून नव्याने आलेल्या विहंगला द्यायचं ठरवलं. दहावी म्हणजे शाळेची अब्रू. इंदू दीदी ती कितीतरी वर्षं सांभाळत आली होती.

स्टाफरूममध्ये बातमी पोचली तेव्हा कॉम्प्युटरचा नीलेश चहाचा घोट घेत म्हणाला, “शिशिर भैया, तुमचा डॅशबोर्ड आमची पण कुंडली काढणार काय? शनी कुठे बसला ते आधीच सांगून ठेवा.” सगळे हसले. इंदू दीदी हसली नाही, रागावलीही नाही. तिने दहावीच्या प्रयोगांच्या वह्या एकावर एक रचल्या, विहंगपुढे ठेवल्या आणि कोणता प्रयोग मुलांना अवघड जातो ते त्याला शांतपणे सांगू लागली. शिशिरला तेव्हा थोडं वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यातही एक मोठेपणा असतो, तो त्याने उपभोगला. आकडे कोणाचे सगेसोयरे नसतात, असं तो मनात म्हणाला.

मंजुरी मिळाली तसा तो दुसऱ्या सत्राची तयारी करायला ऑफिसात बसला. सहामाहीचे भरलेले गुण पुन्हा उघडले. विज्ञानाच्या रकान्यात त्याला शून्यं दिसली. एक नाही, दोन नाही, नऊ. नापास होणारं पोरगंसुद्धा पेपरात नाव लिहिल्यासारखे चार गुण तर मिळवतंच. पूर्ण शून्य कसं? आणि हीच नऊ मुलं गणितात, त्याच्याच विषयात, पन्नाशी-साठीत होती.

त्याने ते नऊ हजेरी क्रमांक पुन्हा वाचले आणि त्याला विज्ञानाच्या पेपरचा दिवस आठवला.

उरल्याच्या कारखान्यांकडच्या वस्तीतून येणारी मुलं एकाच तुकडीत घालायची शाळेची जुनी रीत होती. बस एक, तुकडी एक, म्हणजे बसला उशीर झाला तर एकाच वर्गाचा खोळंबा. ती तुकडी ‘ब’. विज्ञानाच्या पेपरला औद्योगिक वस्तीच्या रस्त्यावर सळयांचा ट्रक आडवा झाला आणि बस अडकली. मुलं आली तेव्हा अर्धा पेपर झाला होता. अर्ध्या तासानंतर वर्गात घ्यायचं नाही हा नियम, आणि त्या वर्गावर पर्यवेक्षक कोण होता? शिशिर वाईकर. त्यानेच त्यांना लायब्ररीत पाठवलं होतं. त्यानेच, आपल्या हाताने, नऊ जणांपुढे गैरहजेरीचं ‘एबी’ लिहिलं होतं.

आणि डॅशबोर्डला रकान्यात अक्षर चालत नाही, आकडाच लागतो, म्हणून एका रात्री घाईघाईने सगळ्या ‘एबी’च्या जागी एकदम शून्य टाकणाराही तोच. संगणकाने बिचाऱ्याने काय केलं? जे दिलं ते मिळवलं आणि पटावरच्या छत्तीसने भागलं. नऊ जण बाजूला काढून त्याने पुन्हा हिशेब केला. सत्तावीस मुलांची सरासरी एकसष्ट आली. वर्ग घसरला नव्हता, उलट थोडा चढलाच होता.

गुरुवारी तात्यापारा मोहल्ल्यातल्या देवळात कीर्तन असायचं. इंदू दीदी कधी चुकवायची नाही आणि शिशिरचे वडील यशवंतराव तिथे पेटी धरायचे. शिशिर लहानपणापासून त्या सतरंजीवर वाढलेला. त्या संध्याकाळी तो खांबाला टेकून बसला. बुवांनी निरूपणाला विषय घेतला तो परनिंदेचा. बुवा गोड आवाजात सांगत होते की तोंडाने केलेली निंदा दोन कानांत मरते, पण जी निंदा आपण खरी समजून करतो तिला आपणच पाणी घालत बसतो. सभा माना डोलवत होती. शिशिरला वाटलं, वडिलांची पेटी त्याच्याकडेच बघून वाजते आहे. नामाच्या गजरात सगळ्यांनी टाळ्या धरल्या, त्याचे हात मांडीवरच राहिले. देवापुढे बसून त्याला देवाकडे बघवेना. पुढे बायकांच्या रांगेत इंदू दीदी होती. दरवेळी ती मोकळ्या गळ्याने बुवांच्या पाठीमागून म्हणायची. आज ती नुसती ओठ हलवत होती.

आरती झाल्यावर त्याने तिला पायऱ्यांवर गाठलं. प्रसादाचा द्रोण हातात घेऊन ती चप्पल शोधत होती. त्याने सगळं सांगितलं, ट्रकपासून शून्यापर्यंत, मध्ये श्वाससुद्धा न घेता. तिने मध्येच रागावावं असं त्याला वाटत होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

ती पायरीवर बसली. “म्हणजे मी वाईट नाही शिकवलं?”

तो तिच्या खालच्या पायरीवर बसला.

“मले वाटलं, आता आपल्याच्यानं होत नाही,” ती म्हणाली. “रोज घरी जाऊन तोच धडा पुन्हा वाचून पाहून राहिली होती. कुठं चुकली, काहून पोट्ट्यांना समजून नाही राहिलं. मशीन कायले खोटं बोलन, म्हटलं.”

शिशिरला आतापर्यंत वाटत होतं की तिचा अपमान झाला, दहावी गेली, एवढंच. तिने तो आकडा खरा मानला असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. चोराने घरातलं भांडं न्यावं आणि घरधन्याने आपणच विसराळू म्हणून कपाळ बडवावं, तसं झालं होतं. त्याची मान खाली गेली ती तशीच राहिली. ती मात्र द्रोण त्याच्यापुढे धरून म्हणाली, “घे, शिरा थंडा होऊन राहिला.” त्याने घास घेतला.

सकाळी तो मॅडमच्या खोलीत गेला. मॅडमनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि दार लोटायला सांगितलं. नमुन्याचं पान ट्रस्टच्या लोकांनाही दाखवून झालं होतं, हे त्यांना बोचत होतं. त्यांनी मार्ग काढला: दहावी इंदूकडे गुपचूप परत देऊ, विहंगला मी समजावते, तुम्ही पान दुरुस्त करा आणि गोष्ट इथेच मिटवा. उगाच बोभाटा कशाला? तुमचाच प्रस्ताव बुडेल.

“मॅडम, दीदीची चूक सगळ्यांसमोर सांगितली गेली,” तो म्हणाला. “माझी दार लावून कशी सांगू?”

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, “मग लिहून आणा. मी सही करणार नाही, पण अडवणारही नाही. ट्रस्टने बंद कर म्हटलं तर माझ्याकडे येऊ नका.”

त्याने दुसरं पत्र लिहिलं. पहिल्या परिच्छेदात चूक कोणाची, कशी झाली, कोणाला ती भोगावी लागली, ते नावासकट. लागणाऱ्या माहितीत भर घातली: गैरहजेरीचा रकाना वेगळा, तिला शून्य धरायचं नाही, आणि कोणतंही पान प्राचार्यांकडे जाण्याआधी त्या विषयाच्या शिक्षकाने पाहायचं. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये उभं राहून त्याने ते वाचलं. नीलेश कपात बघत होता. विहंगने प्रयोगाच्या वह्या उचलून मुकाट्याने इंदू दीदीच्या टेबलावर परत ठेवल्या. शिशिरने नवं पान पुढे केलं: नववी ब, विज्ञान, एकसष्ट टक्के. लाल पट्टा जाऊन हिरवा आला होता. आता तरी तिचा चेहरा उजळेल असं त्याला वाटलं.

इंदू दीदीने पान हातात घेतलं आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“यात माझे ते नऊ कुठं आहेत?” तिने विचारलं.

“ते गैरहजर होते ना दीदी, म्हणून हिशेबातून...”

“त्यांची फेरपरीक्षा घेतली ना मी. शनिवारी, दुपारपर्यंत बसून. पेपर तपासून परीक्षा विभागात दिले, मॅडमची सही झाली नाही म्हणून मोठ्या यादीत चढले नाहीत. मले वाटलं, आता तू ते आणून धरशील.” तिने पान टेबलावर ठेवलं. आवाज चढला नव्हता. “आधी त्यांना शून्य केलं तू. आता गाळूनच टाकलं. मागं पडलेल्या पोट्ट्यांसाठी होतं न हे? त्यातले दोघं खरंच मागं आहेत, शिशिर. त्यांना बत्तीसच्या वर नाही पडले. तुह्या हिरव्या पट्ट्यात मले ते दिसून नाही राहिले.”

शिशिरला काल देवळात वाटलेली लाज आता साधी वाटली. ती नुसत्या चुकीची होती, ही त्याहून खोल होती. चूक कबूल करतानाही त्याला दिसत होता तो स्वतःच, आपला माफीनामा आणि आपलं पान. ज्यांच्यासाठी पत्र लिहिलं ती नऊ पोरं त्याने पुन्हा लायब्ररीत पाठवली होती.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. त्याचा तास रिकामा होता, तिचाही. तो मॅडमची सही घेऊन परीक्षा विभागातून फेरपरीक्षेचे गुण आणायला गेला. परत आला तेव्हा तिने खुर्ची ओढून त्याच्या संगणकाशेजारी ठेवली होती. ती एकेक क्रमांक आणि गुण वाचू लागली आणि तो मान खाली घालून भरू लागला. भरता भरता एकसष्टाचे अठ्ठावन्न झाले, हिरवा पट्टा पिवळा झाला.

“राहू दे पिवळाच,” इंदू दीदी म्हणाली, आणि पुढचा क्रमांक वाचला.